तुऱ्यापासून तळव्यापर्यंत : फोटोतली कोंबडी कशी ओळखावी

आपल्या पुष्कळ घरांत मागच्या अंगणात चार-सहा कोंबड्या असतात, त्यात नवे काही नाही. नवे आहे ते एवढेच की कोंबडी आता हातात घेऊन नव्हे, तर मोबाईलवर फोटो पाहून ठरते. पूर्वी आठवडी बाजारात गेलेली नानी-दादी कोंबडी उचलून बघत असे, छातीचे हाड चाचपत असे, पाय उलटे करून तळवे बघत असे आणि मग भावाला बसत असे. आता गटात फोटो येतो. खाली लिहिलेले असते ‘ओरिजनल कडकनाथ’, ‘प्युअर असील’, नाहीतर ‘अस्सल गावरान’. पैसे आधी मागितले जातात आणि पक्षी नंतर टेम्पोने येतो. पिशवीतून बाहेर पडलेली कोंबडी फोटोतल्या नावासारखी निघाली नाही की मग बोलणार कोणाशी?

म्हणून या महिन्यात फोटो कसा वाचावा ते पाहू. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. फोटो ‘ही ती जात नाही’ हे ठामपणे सांगू शकतो. ‘ही तीच जात आहे’ हे तो क्वचितच सांगू शकतो. फोटोकडे ‘हो’ मागायला गेले की फसगत होते आणि ‘नाही’ शोधायला गेले की बहुतेक फसवणुकी तिथेच उघड्या पडतात. हा शोध घेण्याचा एक क्रम आहे : आधी तुरा, मग पाय, मग उभे राहण्याची ढब आणि सर्वांत शेवटी पिसे.

पिसे शेवटी का, असे कोणीही विचारील. नजर तर आधी पिसांवरच जाते. पण रंगाने जात ओळखता येत नाही, हेच इथले मर्म आहे. आपल्या गावरान कोंबड्यांमध्ये काळी, तांबडी, पांढरी, ठिपक्यांची, राखी, असे सगळे रंग सापडतात. एकाच कोंबडीखाली उबलेली पिल्ले पाच रंगांची निघतात. गावरान ही मुळात एक ठरावीक जात नव्हेच. पिढ्यान्‌पिढ्या गावात मोकळ्या फिरणाऱ्या, आपसात मिसळत गेलेल्या पक्ष्यांना आपण ते नाव देतो. म्हणून एक साधी खूण आहे. ‘अस्सल गावरान’ म्हणून पाठवलेल्या फोटोत पन्नास कोंबड्या एकाच रंगाच्या, एकाच उंचीच्या, एकाच वयाच्या दिसल्या, तर तो माल अंगणातला नव्हे, उबवणी केंद्रातला आहे. तो वाईट असतो असे नाही. पण त्याला गावरानचा भाव द्यायचे कारण नाही.

आता तुरा पाहू. आपल्याकडच्या बहुतेक कोंबड्यांचा तुरा एकेरी असतो. म्हणजे डोक्यावर उभी एकच पाती आणि तिला करवतीसारखे दाते. गावरान, ऱ्होड आयलंड रेड, लेगहॉर्न, कडकनाथ या सगळ्यांत हा एकेरी तुराच दिसतो. लेगहॉर्न कोंबडीचा तुरा इतका मोठा होतो की तो एका बाजूला कलंडतो. तिच्या कानाची पाळीही पांढरी असते. असीलचा तुरा मात्र अगदी वेगळा. तो लहान, डोक्याला चिकटलेला, वाटाण्याचे दाणे तीन ओळींत बसवल्यासारखा गोळीदार असतो. चोचीखालचे लोंबणारे लोलकही त्याला नावापुरतेच असतात. ‘प्युअर असील’ म्हणून दाखवलेल्या कोंबड्याच्या डोक्यावर उंच, करवतीसारखा तुरा असेल, तर पुढे काही बघायची गरज नाही. असीलचे रक्त त्याच्यात असेल, पण तो असील नव्हे. उर्दू जाणणाऱ्यांना हे सांगायला नको की ‘असील’ हा शब्द ‘अस्ल’चाच भाऊ आहे. अस्सल वंशाचा, मुळाचा पक्का, असा त्याचा अर्थ. म्हणून त्या नावाने भेसळ विकली जाते तेव्हा जास्त खटकते.

कडकनाथचा तुरा आकाराने साधा आणि रंगाने निराळा. मध्य प्रदेशातील झाबुआ-अलिराजपूर भागातला हा पक्षी. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. रंग तयार करणाऱ्या पेशी त्याच्या शरीरात आत खोलवर पसरलेल्या असतात. त्यामुळे कातडी, तुरा, चोच, जीभ, पाय आणि पायाचा तळवाही काळपट, करडा किंवा जांभळसर दिसतो. हा काळेपणा पिलाच्या कातडीत जन्मापासून असतो. तुऱ्यावर, विशेषतः कोंबड्याच्या, जांभळी झाक असू शकते. पण तुरा आणि चेहरा लालभडक असेल, तर तो कडकनाथ नव्हे. ‘अजून लहान आहे, मोठी झाली की तुरा काळा पडेल’ असे कोणी सांगितले तर ते मानू नये. वय वाढले की तुरा काळा पडत नाही. उलट वाढत्या तलंगेचा तुरा अंड्यावर येण्याच्या सुमारास मोठा होतो आणि लाल जातीत आणखी लाल होतो.

तुरा पाहताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली म्हणजे तुऱ्याचा आकार आणि तजेला कोंबडीच्या अवस्थेप्रमाणे बदलतो. अंडी देणारीचा तुरा मोठा, लाल आणि मऊ असतो. तीच कोंबडी खुडूक बसली किंवा पिसे गाळू लागली की तुरा आखडतो आणि फिका पडतो. म्हणून तुऱ्याची ठेवण बघावी, त्याच्या मोठेपणावरून जात ठरवू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आजारी कोंबडीचा तुराही निळसर-जांभळा पडतो. त्यात फरक असा की कडकनाथचा काळेपणा सगळीकडे असतो, चेहरा, चोच, पाय, सर्वत्र. चेहरा लाल आहे, पाय पिवळे आहेत आणि फक्त तुऱ्याची टोके जांभळी पडली आहेत, शिवाय पिसे फुगवून, मान आत ओढून पक्षी उभा आहे, असा फोटो आला तर जात विसरावी. तो पक्षी घरात आणूच नये, कारण तो एकटा मरत नाही, खुराडे रिकामे करून जातो.

तुऱ्यानंतर पाय. गवतात उभ्या असलेल्या कोंबडीचे पाय फोटोत दिसत नाहीत आणि विकणाऱ्याला पुष्कळदा तेच हवे असते. पायांचे ढोबळ रंग चार : पिवळा, पांढरट-गुलाबी, पाटीसारखा करडा आणि काळा. असीलचे पाय जाड, सरळ, मजबूत आणि बहुधा पिवळे असतात. ऱ्होड आयलंड रेड आणि लेगहॉर्न यांचेही पिवळे. गावरानात चारही रंग आढळतात.

या पिवळेपणाची गोष्ट आपल्या सह्याद्रीशी जोडलेली आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा, आणि त्याचे पाय करडे असतात. मग पिवळे पाय आले कोठून? २००८ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की पिवळ्या कातडीचा गुण राखी रानकोंबड्याकडून आला. हा राखी रानकोंबडा पश्चिम घाटाच्या जंगलांत आजही आरवतो. तेव्हा जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत आपल्या भारतीय रानातला एक धागा विणलेला आहे.

परंतु पिवळा रंग टिकून राहत नाही. तो हिरव्या पाल्यातून आणि मक्यातून मिळतो. कोंबडी अंड्यावर आली की हाच रंग बलकात जाऊ लागतो आणि अंगावरचा ओसरतो. आधी चोच फिकी होते, आणि पुष्कळ अंडी दिल्यानंतर शेवटी पाय. म्हणून फोटोतल्या वयस्क कोंबडीचे पाय पांढरट दिसले, तर ‘हिचे पाय पिवळे नाहीत म्हणजे ही ती जात नव्हे’ असे घाईने म्हणू नये. कदाचित ती भरपूर अंडी देऊन बसली असेल. उलट ‘रोज अंडे देते’ असे सांगितलेल्या मोठ्या कोंबडीची चोच आणि पाय हळदीसारखे पिवळेधमक असतील, तर ती रोज अंडे देत नसावी, असा संशय घ्यायला जागा आहे.

पायांत तळवा फार कामाचा. काळ्या पिसांच्या, काळ्या पायांच्या कोंबड्या अनेक असतात, पण त्यांतल्या बहुतेकींचा तळवा पांढरट, गुलाबी किंवा पिवळा निघतो. कडकनाथचा तळवाही काळपट असतो. बोटेही मोजावीत. कडकनाथला चार बोटे असतात. सिल्की नावाची एक विदेशी जात आहे. तिचीही कातडी काळी असते, पण तिला पाच बोटे आणि डोक्यावर पिसांची शेंडी असते आणि तिची पिसे कापसासारखी भुरभुरीत असतात. पायावरचे खवले उचललेले, खडबडीत, चुना लावल्यासारखे दिसले तर तो जातीचा गुण नव्हे. ती पायात शिरलेल्या बारीक किड्यांची खरूज असते.

तिसरी पायरी उभे राहण्याची ढब. हे शब्दांत सांगणे कठीण, पण डोळ्याला लवकर सवय होते. असील ताठ उभा राहतो. मान लांब, छाती पुढे, पाठ मानेकडून शेपटीकडे उतरती आणि शेपटी खाली झुकलेली, जणू कोणी त्याला भिंतीशी उभे करून उंची मोजत आहे. त्याची पिसे अंगाला घट्ट चिकटलेली आणि कमी असतात, छातीवर कधी कधी कातडी दिसते. ऱ्होड आयलंड रेडची पाठ जमिनीला समांतर आणि शरीर बाजूने पाहिले तर लांबट विटेसारखे. गावरान कोंबडी हलकी, पाय बारीक, शेपटी वर, मान सतत वळलेली. फोटो काढणाऱ्याकडे ती एका डोळ्याने बघत असते आणि उडी मारायच्या बेतात असते. तिच्या फोटोत निम्मे वेळा शेपटी हललेली आणि अस्पष्ट येते, तेही एक लक्षणच म्हणावे!

याउलट ‘गावरान’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत संकरित पक्ष्याचे पाय जाड आणि एकमेकांपासून दूर, छाती रुंद, शेपटी आखूड, चाल जड. रंग तांबडा किंवा ठिपक्यांचा असल्याने ग्राहकाला ती गावरान वाटते. बेंगळुरूला तयार झालेली गिरिराज, हैदराबादच्या सरकारी संस्थेची वनराज, या मुद्दाम अंगणासाठीच तयार केलेल्या रंगीत जाती आहेत आणि त्या आपल्या नावाने विकल्या तर त्यात काहीच गैर नाही. पण मोकळ्या रानात मांजर-मुंगुसापासून उडून सुटका करून घेणे हलक्या गावरान कोंबडीला जितके जमते तितके जड पक्ष्याला जमत नाही. घेणाऱ्याला हा फरक आधी कळायला हवा, एवढेच.

पिसांबद्दल दोन शब्द. रंग निकामी असला तरी पिसांची ठेवण कधी कधी बोलते. मान उघडी असलेली कोंबडी फोटोत दिसली की लोक तिला रोगी समजतात. तो रोग नव्हे, आनुवंशिक गुण आहे. उघड्या मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा छोटा झुबका असेल, तर तो गुण तिला आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच मिळाला आहे, असे समजावे. उलट्या पिसांच्या कोंबडीचेही तसेच. पीस बाहेर वळणे हा एका गुणाचा परिणाम आहे. तिच्याभोवती ज्या भीतीच्या कथा सांगितल्या जातात त्यांच्या जोरावर भाव वाढवणारे भेटतात. त्यांना एक पैसाही जास्त देऊ नये.

आता हे सगळे एका व्यवहारात लावून पाहू. आमच्या शेजारच्या मोहल्ल्यात राहणाऱ्या एका खालांनी शिलाईच्या पैशांतून दहा तलंगा घ्यायचे ठरवले. अंडी जवळच्या दुकानात द्यायची, हा हेतू. एका विकणाऱ्याने त्यांना कडकनाथचे चार फोटो पाठवले आणि साध्या काळ्या तलंगेच्या दुप्पट भाव सांगितला. त्या फोटो घेऊन आमच्याकडे आल्या आणि आम्ही दोघांनी मिळून ते क्रमाने पाहिले.

पहिल्या फोटोत उन्हात उभी काळी कोंबडी, पिसांवर हिरवी चमक. खालांना हाच पुरावा सर्वांत मोठा वाटत होता. पण हिरवी चमक कडकनाथलाही असते आणि इतर काळ्या कोंबड्यांनाही असते. हा फोटो काहीच ठरवत नाही, म्हणून बाजूला ठेवला. दुसऱ्यात चेहरा जवळून होता. तुरा एकेरी, उभा, लालभडक. चेहरा आणि कानाची पाळीही लाल. इथेच ‘नाही’ मिळाले. तिसऱ्या फोटोत पाय होते, पाटीसारखे काळे, आणि विकणाऱ्याने तिथे बाण काढून ‘बघा’ असे लिहिले होते. चौथा पुन्हा लांबून काढलेला. पण त्यात ढब स्पष्ट दिसत होती : शरीर भरलेले, छाती गोलसर, पाठ रुंद.

आम्ही खालांना दोनच फोटो आणखी मागायला सांगितले. एक पायाच्या तळव्याचा आणि एक चोच उघडून जिभेचा. तळव्याचा फोटो आला. तो पांढरट-गुलाबी होता. जिभेचा आलाच नाही. काळी पिसे, लाल तुरा, काळे पाय, पांढरा तळवा आणि भरलेले अंग, हे सगळे ब्लॅक ऑस्ट्रॅलॉर्पच्या वर्णनाशी जुळते. ही ऑस्ट्रेलियात तयार झालेली, अंड्यांसाठी नावाजलेली जात. आपल्याकडे तिचे संकरही बरेच फिरतात. म्हणून त्या ऑस्ट्रॅलॉर्पच आहेत असे आम्ही म्हटले नाही. त्या कडकनाथ नाहीत, एवढेच ठामपणे सांगितले.

पुढचा भाग अधिक शिकण्यासारखा. खालांना वाईट वाटले आणि व्यवहार मोडायला त्या निघाल्या. पण त्यांना हवे काय होते? अंडी. कडकनाथ वर्षाला साधारण शंभरच्या आतबाहेर अंडी देते आणि खुडूकही फारशी बसत नाही. ऑस्ट्रॅलॉर्पच्या वळणाची कोंबडी नीट दाणा-पाणी मिळाले तर त्याहून बरीच जास्त अंडी देते. म्हणजे खालांच्या कामाला खोटे नाव लावलेली ही कोंबडीच जास्त उपयोगाची होती, फक्त तिचा भाव खोट्या नावाचा होता. त्यांनी विकणाऱ्याला सरळ सांगितले, “भाईजान, नाव काढून टाका आणि काळ्या तलंगेचा भाव सांगा.” थोड्या घासाघिशीनंतर तो कबूल झाला. पैसे मात्र पक्षी प्रत्यक्ष पाहून, तळवे तपासूनच दिले गेले. पिल्ले उबवायची वेळ आली तर त्यासाठी घरात एक खुडूक बसणारी गावरान आहेच.

शेवटी, फोटो मागताना काय मागावे? एक, सकाळच्या उजेडात सावलीत काढलेला, पक्षी सपाट जमिनीवर बाजूने उभा असलेला फोटो. संध्याकाळचे ऊन पांढऱ्या पायांनाही पिवळे करते आणि मोबाईलची सजावट लाल तुऱ्यालाही काळपट करू शकते. दोन, चेहरा आणि तुरा जवळून, बाजूने. तीन, धुतलेले पाय आणि तळवा. कडकनाथ सांगत असतील तर चौथा, उघडी चोच आणि जीभ. शेजारी एक वीट ठेवायला सांगावी, म्हणजे पक्षी केवढा आहे ते कळते. आणि त्याच पक्ष्याचे हे सगळे फोटो आहेत ना, हे पाहण्यासाठी छोटा व्हिडिओ मागावा. त्यात चालही दिसते.

एवढे करूनही दोन गोष्टी फोटोत दिसणार नाहीत. लहान पिलांचा तुरा आणि ढब घडलेली नसते, त्यामुळे आठवड्या-दोन आठवड्यांच्या पिलाची जात फोटोवरून सांगणारा मनुष्य अंदाजच सांगत असतो. तसेच एका-दोन पिढ्यांची भेसळ बाहेरून पूर्ण लपू शकते. सगळ्या खुणा जुळलेल्या कोंबडीची पिल्ले अचानक लाल तुऱ्याची निघतात, तेव्हा ते उमगते. म्हणून शुद्ध वंशच हवा असेल, पुढे पैदास करून त्या नावाने विकायचे असेल, तर फोटोवर विसंबू नये. जिथे आई-बाप दाखवतात तिथूनच घ्यावे, आणि आई-बापांचे तळवेही उलटे करून पाहावेत.